अपेंडिक्सची सोनोग्राफी आणि बायव्हेरिएट मॉडेल: कामाच्या नोंदी

माझी भाची रेडिओलॉजीत रेसिडेंट आहे. तिच्या प्रबंधाचा विषय: पोटात उजवीकडे दुखतंय म्हणून आलेल्या प्रौढ रुग्णात सोनोग्राफी अपेंडिसायटिस कितपत पकडते. वेगवेगळ्या अभ्यासांचे निकाल एकत्र करायचे आहेत. मी फोंड्याला सांख्यिकी शिकवते, म्हणून आकडेमोड माझ्या गळ्यात. तिच्या बॅचमधल्या आणखी दोघांना असंच काम करायचं आहे, त्यांच्यासाठी या नोंदी. प्रबंध सादर व्हायचा आहे, त्यामुळे इथले आकडे खऱ्या अभ्यासांचे नाहीत, हिशेब कळावा म्हणून रचलेले आहेत. अडचणी मात्र जशा आल्या तशाच.

७ जून

आज फक्त प्रश्न पक्का केला. रुग्ण: संशयित अपेंडिसायटिसचे प्रौढ. चाचणी: ग्रेडेड कम्प्रेशन सोनोग्राफी, म्हणजे पुइलार्ट यांनी १९८६ मध्ये मांडलेली, प्रोबने हळूहळू दाब देत आतड्यातला वायू बाजूला सारायची पद्धत. पॉझिटिव्हचा निकष: बाहेरून बाहेर व्यास ६ मिमीपेक्षा जास्त आणि दाबल्यावर न दबणारं अपेंडिक्स. खरं-खोटं कशावरून ठरवायचं? शस्त्रक्रिया झाली असेल तर हिस्टोपॅथॉलॉजीवरून, नसेल झाली तर पाठपुराव्यावरून.

ज्या अभ्यासांत फक्त शस्त्रक्रिया झालेलेच रुग्ण घेतलेत ते बाजूला ठेवायचे. तिथे सोनोग्राफी निगेटिव्ह आली म्हणून घरी गेलेले लोक मोजलेलेच नसतात. ते नसले की सेन्सिटिव्हिटी फुगते आणि स्पेसिफिसिटी खाली येते.

भाचीने विचारलं, "मावशी, सगळ्यांची सेन्सिटिव्हिटी घेऊन सरासरी काढली की झालं ना? मग स्पेसिफिसिटीची वेगळी." नाही झालं. का, ते २७ जूनच्या नोंदीत येईल. तोवर प्रत्येक अभ्यासातून टक्के न उचलता चार आकडे उचलायचे: आजारी आणि पॉझिटिव्ह (टीपी), आजारी पण निगेटिव्ह (एफएन), निरोगी पण पॉझिटिव्ह (एफपी), निरोगी आणि निगेटिव्ह (टीएन).

१४ जून

दोघींनी स्वतंत्रपणे आकडे उतरवले आणि मग ताडून पाहिले. पहिल्याच पेपरला गाडी अडली.

अभ्यासात २०० रुग्ण, त्यातले ८० अपेंडिसायटिसचे. सारांशात लिहिलं होतं सेन्सिटिव्हिटी ९३.५ टक्के, स्पेसिफिसिटी ९२ टक्के. भाची खूश. पण आतल्या तक्त्यातली बेरीज २०० येईना, ११२ येई. उरलेले ८८ रुग्ण कुठे गेले? मजकुरात एका ओळीत सापडले: त्यांच्यात अपेंडिक्स दिसलंच नाही, म्हणून हिशेबातून वगळले.

अपेंडिक्सच्या सोनोग्राफीत हे सर्रास चालतं. वायू, जाड पोट, सीकमच्या मागे लपलेलं अपेंडिक्स, रात्री तीनला एकटा असलेला रेसिडेंट. न दिसायला कारणं भरपूर. पण न दिसलेल्या रुग्णालाही आजार असतो किंवा नसतो. या ८८ पैकी १८ आजारी निघाले होते, ७० नव्हते. त्यांना कुठे टाकता त्यावर निकाल किती हलतो ते पाहा.

वगळले तर: ६२ आजाऱ्यांपैकी ५८ पकडले, ९३.५ टक्के. ५० निरोग्यांपैकी ४६ बरोबर, ९२ टक्के.

निगेटिव्ह धरले तर: ८० पैकी ५८, म्हणजे ७२.५ टक्के. १२० पैकी ११६, म्हणजे ९६.७ टक्के.

चाचणीच्या विरोधात धरले, म्हणजे आजारी असेल तर हुकला आणि निरोगी असेल तर खोटा पॉझिटिव्ह, तर ७२.५ आणि ३८.३ टक्के.

एकच अभ्यास, तेच रुग्ण. पुढे कितीही भारी मॉडेल लावलं तरी इथला गोंधळ ते निस्तरणार नाही.

ठरवलं ते असं. आमचा प्रश्न "सोनोग्राफीवरून अपेंडिसायटिस पकडला गेला का" असा आहे, म्हणून मुख्य हिशेबात न दिसलेले निगेटिव्ह. दुसरा हिशेब त्यांना वगळून, तिसरा विरोधात धरून. आणि प्रत्येक अभ्यासात किती टक्के रुग्णांत अपेंडिक्स दिसलं, त्याचा वेगळा रकाना. हा रकाना आमच्या पहिल्या फॉर्ममध्ये नव्हता, त्यामुळे उतरवलेले सगळे पेपर परत उघडावे लागले. सगळ्या कामात जास्तीत जास्त वेळ इथेच गेला. तुम्ही फॉर्म बनवताना २×२ बनवू नका, पहिल्या दिवसापासून ३×२ बनवा: पॉझिटिव्ह, निगेटिव्ह, दिसलं नाही.

२१ जून

काही पेपरांत चार आकडे दिलेलेच नाहीत, फक्त टक्के. आजाऱ्यांची एकूण संख्या माहीत असेल तर उलटा हिशेब करता येतो: ४८ आजारी आणि ८७.५ टक्के म्हणजे ४२ पकडले. पूर्णांक आला की जीव भांड्यात.

एका पेपरात ३० आजारी आणि सेन्सिटिव्हिटी ९१ टक्के. हे होऊच शकत नाही. ३० पैकी २७ म्हणजे ९०, २८ म्हणजे ९३.३, मध्ये काही नाही. २२ पैकी २० घेतले तर ९०.९ येतात, २३ पैकी २१ घेतले तर ९१.३. म्हणजे सात-आठ आजारी कुठेतरी गळालेत आणि बहुतेक ते न दिसलेलेच. लेखकांना मेल टाकली आहे. उत्तर येईपर्यंत हा पेपर मुख्य हिशेबात नाही.

ही तपासणी कागदावर मिनिटाभरात होते आणि वगळलेले रुग्ण हुडकायला तिच्याइतकं सोपं दुसरं काही मला सापडलेलं नाही.

२४ जून

आज सांजांव. बाहेर लोक डोक्यावर फुलांचे कोपेल घालून विहिरीत उड्या मारतायत आणि वीज सकाळपासून गेलेली. लॅपटॉपची बॅटरी असेपर्यंत कटऑफचा रकाना भरला, बाकी काम नाही.

२७ जून

कटऑफच्या रकान्यात तीन प्रकार निघाले. बहुतेकांचा ६ मिमी, काहींचा ७, आणि काहींनी "एकूण दिसण्यावरून" ठरवलंय. एका अभ्यासात ६ आणि ७ दोन्हींचे तक्ते आहेत.

आता भाचीच्या पहिल्या दिवसाच्या प्रश्नाचं उत्तर. कटऑफ ६ वरून ७ वर नेला की काही निरोगी पण जरा जाड अपेंडिक्स पॉझिटिव्हमधून बाहेर पडतात, स्पेसिफिसिटी वाढते. त्याचबरोबर सुरुवातीच्या टप्प्यातले काही आजारीही बाहेर पडतात, सेन्सिटिव्हिटी घटते. दोन्ही आकडे एकाच दोरीला बांधलेले आहेत. कागदावर एकच कटऑफ असला तरी कोणी सढळ हाताने पॉझिटिव्ह म्हणतो, कोणी हात आखडून, परिणाम तोच. म्हणून अभ्यासाअभ्यासांत एक वर गेला की दुसरा खाली, असा कल दिसतो. दोन सरासऱ्या वेगवेगळ्या काढल्या की हा कल हरवतो.

बायव्हेरिएट मॉडेल प्रत्येक अभ्यासाची जोडी जोडी म्हणूनच घेतं. राइट्समा आणि सहकाऱ्यांनी ते २००५ मध्ये या कामासाठी मांडलं. त्यातून पाच गोष्टी मिळतात: सरासरी सेन्सिटिव्हिटी, सरासरी स्पेसिफिसिटी, दोन्हींचा अभ्यासाअभ्यासांतला फरक, आणि त्या दोहोंतलं सहसंबंधाचं माप. पहिल्या दोघी मिळून जो बिंदू होतो तो समरी पॉइंट.

आणि हा बिंदू कशाचा, हे सांगता आलं पाहिजे. ६ आणि ७ एकत्र टाकून काढलेला बिंदू कुठल्याच कटऑफचा नसतो. असा आकडा वाचून रेसिडेंटने कॅलिपर कुठे थांबवायचा? म्हणून समरी पॉइंटसाठी फक्त ६ मिमीचे अभ्यास घेतले. उरले ११. दोन्ही तक्ते देणाऱ्या अभ्यासातून ६ चा एकच तक्ता, कारण तेच रुग्ण दोनदा मोजायचे नाहीत. सगळे कटऑफ मिळून काही सांगायचं असेल तर बिंदू न देता एसआरओसी वक्र, म्हणजे कटऑफ बदलला की दोन्ही आकडे एकत्र कसे सरकतात ती रेघ, द्यायचा, तो परिशिष्टात जाईल.

५ जुलै

R बसवलं, फुकट आहे. स्टाटात metandi नावाची सोय आहे, पण स्टाटाला पैसे पडतात. एकूण खर्चात आतापर्यंत झेरॉक्स आणि कदंबची तिकिटं एवढंच.

सुरुवात mada पॅकेजच्या reitsma() ने केली, कारण ते एका ओळीत होतं. पण आमच्या दोन छोट्या अभ्यासांत एफपी शून्य आहे. हे फंक्शन आतून लॉगिट, म्हणजे बरोबर आणि चूक यांच्या गुणोत्तराचा लॉग, काढतं, आणि शून्याचा लॉगिट निघत नाही, म्हणून ते ०.५ मिळवतं. मूळ सेटिंगमध्ये एका घरात शून्य असलं तरी सगळ्या अभ्यासांच्या सगळ्या घरांत ०.५ पडतो. १८ पैकी १८ निरोगी बरोबर ओळखले तर स्पेसिफिसिटी १०० ऐवजी १८.५ भागिले १९, म्हणजे ९७.४ होते. अभ्यास मोठे असतील तर फरक पडत नाही. आमचे नाहीत.

म्हणून lme4 मधलं glmer घेतलं. ते मूळ मोजणीवर, बायनोमियल धरून चालतं. शून्य असलं तरी काही मिळवावं लागत नाही. d म्हणजे आमचा तक्ता, अभ्यासाला एक ओळ. त्यातून प्रत्येक अभ्यासाच्या दोन ओळी करायच्या, एक आजाऱ्यांची, एक निरोग्यांची:

```r
library(lme4)
d$id <- factor(seq_len(nrow(d)))
sick <- data.frame(id=d$id, ok=d$TP, bad=d$FN, se=1, sp=0)
well <- data.frame(id=d$id, ok=d$TN, bad=d$FP, se=0, sp=1)
y <- rbind(sick, well)
m <- glmer(cbind(ok, bad) ~ 0 + se + sp + (0 + se + sp | id),
           data=y, family=binomial)
summary(m)
```

ok म्हणजे चाचणीने बरोबर सांगितलेले, bad म्हणजे चुकीचे. सुरुवातीचा 0 विसरू नका, नाहीतर se आणि sp चे आकडे सरळ वाचता येत नाहीत. कंसातली उभी रेघ म्हणते की दोन्ही गोष्टी अभ्यासागणिक बदलू देत, आणि एकमेकींच्या नात्यासकट.

चालवलं आणि हे आलं:

```
boundary (singular) fit: see help('isSingular')
```

सहसंबंध −१.००. म्हणजे मॉडेल म्हणतंय की एकीवरून दुसरी तंतोतंत सांगता येते. खऱ्या रुग्णांत असं नसतं.

६ जुलै

भाची म्हणाली अभ्यास कमी आहेत म्हणून होत असेल. होतं तसंही, पण आधी डेटा तपासायचा. अकराही अभ्यास आलेखावर टाकले. दहा एका घोळक्यात, एक दूर फेकलेला: सेन्सिटिव्हिटी ९४.५, स्पेसिफिसिटी ७५. बाकी सगळे सेन्सिटिव्हिटीत त्याच्या खाली आणि स्पेसिफिसिटीत त्याच्या वर. असा एकटा बिंदू सहसंबंधाला −१ कडे ओढायला पुरेसा असतो.

आमच्या तक्त्यात त्याचे आकडे असे होते: टीपी ५२, एफएन ३, एफपी २०, टीएन ६०. आजारी ५५, एकूण १३५, म्हणजे ४०.७ टक्के. पेपरात मात्र लिहिलंय की ७२ जणांना अपेंडिसायटिस निघाला, ५३.३ टक्के. ७२ म्हणजे ५२ आणि २०. त्या पेपरात आजार आडव्या ओळींत होता आणि चाचणी उभ्या रकान्यांत, बाकीच्यांच्या उलट. उतरवताना एफएन आणि एफपीची अदलाबदल झाली. खरी सेन्सिटिव्हिटी ५२ भागिले ७२, ७२.२ टक्के, स्पेसिफिसिटी ६० भागिले ६३, ९५.२. बिंदू घोळक्यात येऊन बसला.

आम्ही दोघींनीही तक्ता एकाच पद्धतीने वाचला होता, त्यामुळे ताडून पाहण्यात ते सापडलं नव्हतं. आता फॉर्ममध्ये "पेपरात लिहिलेली आजाऱ्यांची संख्या" असा रकाना टाकला आहे आणि ती टीपी अधिक एफएनशी जुळते का, हे शीट आपोआप तपासते.

दुरुस्त करून परत चालवलं. इशारा गेला, सहसंबंध −०.३८.

१३ जुलै

निकाल वाचायला शिकवला. मॉडेल लॉगिटमध्ये बोलतं: se साठी १.२० (स्टँडर्ड एरर ०.१६), sp साठी २.९० (०.२१). टक्क्यांत आणायला plogis():

```r
plogis(1.20)                          # 0.769
plogis(1.20 + c(-1.96, 1.96) * 0.16)  # 0.708 0.820
```

समरी पॉइंट: सेन्सिटिव्हिटी ७६.९ टक्के (७१ ते ८२), स्पेसिफिसिटी ९४.८ टक्के (९२ ते ९६). ९५ टक्के विश्वासमर्यादा कंसात. मर्यादा लॉगिटमध्येच काढायच्या आणि मग परत फिरवायच्या. टक्क्यांत अधिक-उणे केलं तर शंभराच्या जवळ हिशेब बिघडतो.

MetaDTA या मोफत वेब ॲपमध्येही हेच आकडे टाकून पाहिले, जुळले. तेही आतून lme4च वापरतं, त्यामुळे यातून आमचा कोड बरोबर आहे एवढंच कळलं. आलेख मात्र त्याचे चांगले येतात.

२० जुलै

गाइडनी आलेख पाहून दोन गोष्टी विचारल्या. पहिली: बिंदूभोवती दोन वेढे कशाला, आतला छोटा आणि बाहेरचा एवढा मोठा? दुसरी: आय-स्क्वेअर कुठे आहे?

आतला वेढा समरी पॉइंट किती नेमका सापडला ते दाखवतो. अभ्यास वाढवत गेलात तर तो आवळत जातो. बाहेरचा वेढा दाखवतो की उद्या नव्या ठिकाणी असाच अभ्यास केला तर त्याची खरी जोडी कुठे पडू शकते. अभ्यासच एकमेकांपासून लांब असतील तर हा वेढा कितीही अभ्यास जमवले तरी मोठाच राहतो. आमच्या मॉडेलमध्ये सेन्सिटिव्हिटीचा अभ्यासाअभ्यासांतला फरक (स्टँडर्ड डेव्हिएशन) लॉगिटमध्ये ०.४५. त्याचा वर्ग आणि स्टँडर्ड एररचा वर्ग मिळवून वर्गमूळ काढलं की ०.४८, १.२० पासून दोन्ही बाजूंना त्याच्या १.९६ पट गेलं की साधारण ५७ ते ८९ टक्के. स्पेसिफिसिटीला असंच ८५ ते ९८. आलेखावरचा वेढा यापेक्षाही रुंद दिसतो, कारण तो दोन्ही गोष्टी एकाच वेळी आत धरायला बघतो आणि १.९६ ऐवजी सुमारे २.४५ पट जातो. भाचीने आलेखावर पट्टी ठेवून मोजलं आणि "जुळत नाही" म्हणून फोन केला, तो याच कारणाने.

आय-स्क्वेअर, म्हणजे अभ्यासांमधली विसंगती टक्क्यांत सांगणारं माप, दिला नाही. तो एकेका आकड्याचा काढतात. त्यात कटऑफमुळे येणारा चढउतारही "विसंगती" म्हणून मोजला जातो आणि जोडीचं नातं दिसतच नाही. फरक किती, हे बाहेरच्या वेढ्यावरून थेट दिसतं. गाइडना पटलं, पण परीक्षक विचारतील म्हणून उत्तर तयार ठेव म्हणाले.

२ ऑगस्ट

फक्त प्रॉस्पेक्टिव्ह अभ्यास घेऊन परत चालवलं. पाचच आहेत. इशारा पुन्हा आला, या वेळी डेटा स्वच्छ होता. पाच बिंदूंवरून सहसंबंध काढायला माहितीच पुरत नाही. म्हणून नातं शून्य धरून साधं मॉडेल:

```r
m0 <- glmer(cbind(ok, bad) ~ 0 + se + sp + (0 + se | id) + (0 + sp | id),
            data=y5, family=binomial)
```

y5 म्हणजे त्या पाच अभ्यासांच्या ओळी. बिंदू जवळपास तिथेच राहिला, वेढ्याचा तिरकेपणा गेला. प्रबंधात स्पष्ट लिहायचं की इथे सहसंबंध सोडला आहे आणि का. इशारा आला म्हणून गुपचूप दुसरं सॉफ्टवेअर शोधणारे पाहिलेत. ते इशारा न देता तोच −१ छापून देतं.

९ ऑगस्ट

सर्जरीच्या लोकांना ७६.९ आणि ९४.८ ऐकून काही होत नाही. १०० रुग्णांत मांडलं. समजा त्यातले ४० खरे आजारी. सोनोग्राफी ३१ पकडते, ९ सोडते. ६० निरोग्यांपैकी ३ उगाच पॉझिटिव्ह, ५७ निगेटिव्ह. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या ३४ पैकी ३१ खरे. त्यावर विसंबता येतं. निगेटिव्ह आलेल्या ६६ पैकी मात्र ९ आजारी, १४ टक्के. आणि आपलं ठिकाण वेढ्याच्या खालच्या टोकाला, ५७ टक्क्यांपाशी असेल तर १७ सुटतात, निगेटिव्हमधले २३ टक्के आजारी.

मग भाचीनेच विचारलं की हे निगेटिव्ह सगळे सारखे का. १४ जूनच्या त्या पेपरात परत पाहिलं. अपेंडिक्स दिसलं आणि नॉर्मल वाटलं असे ५०, त्यात आजारी ४, म्हणजे ८ टक्के. दिसलंच नाही असे ८८, त्यात आजारी १८, म्हणजे २०.५ टक्के. मुख्य हिशेबात आम्ही दोघांना एकाच टोपलीत टाकलंय.

ज्या सात अभ्यासांत ही फोड दिली आहे त्यांच्यासाठी हा तक्ता वेगळा काढायचं ठरलं. चवथीआधी तो झाला तर बरं, कारण नंतर आठवडाभर भाची गावी असणार आणि मीही स्वयंपाकघरात. तोवर तिने आपल्या रिपोर्टच्या टेम्प्लेटमधली "नो सोनोग्राफिक एव्हिडन्स ऑफ अपेंडिसायटिस" ही ओळ काढून तिथे दोन पर्याय ठेवलेत: अपेंडिक्स पूर्ण दिसलं, व्यास इतका, किंवा अपेंडिक्स दिसलं नाही.